सरासरी अडतीस सेकंद

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मैदानावर वीसेक वर्षं मुलांना पळवलेले सर निवृत्त होतात, तेव्हा निरोप समारंभ ठरलेल्या वळणाने जातो. शाल-श्रीफळ होतं, जुनी मुलं पोलिसांच्या नाहीतर लष्कराच्या गणवेशात येऊन पाया पडतात, दोन-तीन पाहुणे लांबण लावतात आणि शेवटी सर स्वतः माइकसमोर उभे राहतात. आपल्या या लेखातले सर मितभाषी आहेत. त्यांनी खिशातून कागद काढला आणि एकच आकडा सांगितला : ‘‘इतक्या वर्षांत माझ्या पोरांचं पंधराशे मीटरचं टायमिंग सरासरी अडतीस सेकंदांनी सुधारलं.’’ टाळ्या पडल्या आणि कार्यक्रम चहाकडे वळला.

हे सर आणि त्यांची वही विषय समजावून सांगण्यापुरती उभी केली आहे. पण असं वाक्य निरोपाच्या भाषणात हमखास येतं आणि ते बोलणारा माणूस सहसा खोटं बोलत नसतो. वहीतले आकडे खरे, बेरीज खरी, भागाकारही खरा. तरी ‘मी मुलांना अडतीस सेकंदांनी वेगवान केलं’ असा जो अर्थ ऐकणाऱ्यांच्या मनात उतरतो, तो मात्र त्या आकड्यातून निघत नाही. का निघत नाही, आणि त्याच वहीतून सरांना अधिक भक्कम काय सांगता आलं असतं, ते पाहू.

आधी अडतीस सेकंद म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ. पंधराशे मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या पावणेचार फेऱ्या. जो मुलगा हे अंतर पाच मिनिटांत कापतो, तो सेकंदाला बरोबर पाच मीटर पळतो. त्या वेगाने अडतीस सेकंद म्हणजे १९० मीटर, जवळजवळ अर्धी फेरी. म्हणजे सरासरी मुलगा पूर्वीच्या स्वतःला अर्ध्या फेरीने मागे टाकतो, असा हा दावा आहे. तो मोठा आहे, म्हणूनच त्याचे भाग सुटे करून पाहायला हवेत.

पहिली वेळ आणि शेवटची वेळ

सुधारणा मोजायची तर दोन वेळा लागतात, सुरुवातीची आणि नंतरची. सरांच्या वहीत सुरुवातीची वेळ म्हणजे मुलाने मैदानावर आल्यावर दिलेली पहिली ट्रायल. नंतरची वेळ म्हणजे त्याने तोपर्यंत मारलेलं सर्वांत चांगलं टायमिंग. ही निवड सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही खटकत नाही. पण अडतीसातले बरेच सेकंद इथेच जन्माला येतात.

एका मुलाची पहिली ट्रायल पाहा. पंधराशेची सुरुवात अंतिम रेषेच्या पलीकडच्या बाजूने होते, त्यामुळे आधी ३०० मीटर आणि मग पूर्ण तीन फेऱ्या असा हिशेब असतो. शिट्टी वाजताच हा गडी सुसाट सुटला आणि पहिले ३०० मीटर त्याने ५२ सेकंदांत काढले. त्यानंतरच्या फेऱ्यांना त्याला ८४, ९२ आणि ९४ सेकंद लागले. शेवटच्या फेरीत पाय उचलेनात, खांदे वर आले, मान मागे गेली. एकूण वेळ ५ मिनिटं २२ सेकंद.

तीन आठवड्यांनी तोच मुलगा पुन्हा पळाला. सरांनी एवढंच बजावलं होतं, ‘‘पहिले तीनशे बासष्टच्या आत आलास तर थांबवीन.’’ या खेपेला आकडे आले ६२, ८३, ८५ आणि ८२. एकूण ५ मिनिटं १२ सेकंद. दहा सेकंद वाचले, पण तीन आठवड्यांत त्याचं हृदय आणि फुप्फुसं एवढी बदललेली नाहीत. आहे तीच ताकद अंतरावर कशी वाटून खर्चायची, हे त्याला कळलं. हे शिकवणं प्रशिक्षकाचंच काम आहे, त्याचं श्रेय सरांना द्यायलाच हवं. मात्र हे दहा सेकंद एकदाच मिळतात. पुढच्या तीन वर्षांच्या मेहनतीत ते मिसळले, की मेहनतीचं फळ फुगलेलं दिसतं.

दुसऱ्या टोकाची गोष्ट याहून फसवी आहे. एखादा मुलगा अजिबात सुधारत नाही असं धरा. त्याची खरी कुवत पाच मिनिटं आहे आणि ती तशीच राहणार आहे. पण माणूस घड्याळासारखा पळत नाही. ऊन, वारा, आदल्या रात्रीची झोप, पोटात काय आहे, सोबत कोण पळतंय, यांमुळे प्रत्येक वेळी साधारण पाच सेकंद इकडेतिकडे होतातच. असा मुलगा तीन वर्षांत वीस वेळा पळाला तर त्यातल्या सर्वोत्तम दिवशी तो किती वेळ देईल? संभाव्यतेच्या गणिताने उत्तर येतं सुमारे ४ मिनिटं ५१ सेकंद. म्हणजे कणभरही न सुधारलेल्या मुलाच्या नावावर नऊ सेकंदांची ‘सुधारणा’ जमा होते, केवळ पहिली वेळ एकाच प्रयत्नाची आणि नंतरची वीस प्रयत्नांतून वेचलेली म्हणून. जो जास्त वेळा पळेल त्याची ही फुकटची कमाई जास्त. पाचच वेळा पळणाऱ्याला सहाच्या आसपास सेकंद मिळतात, वीस वेळा पळणाऱ्याला नऊ.

त्यात जागेचा फरक मिसळला, तर गुंता आणखी वाढतो. पहिली ट्रायल गावच्या मातीच्या मैदानावर, फक्की मारून आखलेल्या ट्रॅकवर झालेली असते. सर्वोत्तम वेळ पुण्याला बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर, स्पाइक घालून, तोडीस तोड धावपटूंच्या घोळक्यात आलेली असते. फक्कीची रेघ फेरीमागे पाच मीटरने कमी आखली गेली, तर पावणेचार फेऱ्यांत जवळजवळ एकोणीस मीटर गळतात आणि पाच मिनिटांच्या धावपटूला पावणेचार सेकंदांचा नफा होतो. उलटही घडतं. पंधराशेत एकूण सात वळणं येतात. घोळक्यामुळे धावपटूला साऱ्या वळणांवर आतल्या कडेपासून एक मीटर बाहेरून पळावं लागलं, तर प्रत्येक वळणाला ३.१४ मीटर, म्हणजे एकूण २२ मीटर जास्त पडतात. चार सेकंदांहून अधिक वेळ असाच जातो. स्टॉपवॉचचं बटण दाबण्यातल्या चुकीची चर्चा मैदानावर फार होते, पण ती चूक दशांश सेकंदांची असते. ट्रॅकची आखणी आणि पळण्याची रेषा यांतली चूक पूर्ण सेकंदांची असते.

स्पर्धेतली वेळ म्हणजे कुवत नव्हे, याचं सर्वांत ठळक उदाहरण ऑलिंपिकमधलं आहे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांची पंधराशेची अंतिम शर्यत अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने ३ मिनिटं ५०.०० सेकंदांत जिंकली. १९३२नंतर इतक्या संथ वेळेत कुणी हे सुवर्ण जिंकलं नव्हतं. त्याच शहरात महिन्याभराने पॅरालिंपिक झालं. तिथे दृष्टिदोष असलेल्या धावपटूंच्या एका गटात अल्जीरियाच्या अब्देललतीफ बाकाने ३ मिनिटं ४८.२९ सेकंद वेळ दिली आणि त्या शर्यतीतले पहिले चौघेही सेंट्रोविट्झच्या वेळेपेक्षा वेगात आले. सेंट्रोविट्झ काही मंद धावपटू नव्हता. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत सगळ्यांनी एकमेकांवर डोळा ठेवून संथ फेऱ्या मारल्या आणि निकाल शेवटच्या फेरीतल्या वेगावर लागला. पुढे २०२४मध्ये पॅरिसला हीच शर्यत सुरुवातीपासून वेगाने झाली आणि अमेरिकेचाच कोल हॉकर ३ मिनिटं २७.६५ सेकंदांत जिंकला. ऑलिंपिक विजेत्यांच्या वेळा नुसत्या ओळीने मांडल्या, तर आठ वर्षांत बावीस सेकंदांची सुधारणा झाली असंही कुणी म्हणेल!

म्हणून सुधारणा मोजायची तर शर्यतीतली वेळ बाजूला ठेवून ट्रायलची धरावी, आणि दोन्ही टोकांना सारखीच वागणूक द्यावी. पहिल्या एक-दोन ट्रायल शिकण्यात गेल्या असं समजून सोडून द्याव्यात. नंतरच्या तिन्हींतली मधली वेळ घ्यावी. शेवटच्या हंगामातही त्याच मैदानावर तीन ट्रायल घेऊन मधलीच वेळ धरावी. अशी वेळ सर्वोत्तम वेळेइतकी दिमाखदार नसते, पण तिच्यावर विसंबता येतं.

वहीतून गळलेली नावं

आता मुख्य मुद्दा. हा अडतीस आकडा कुणाकुणाचा? सरांच्या वहीतली एक तुकडी घेऊ. जूनमध्ये बारा मुलं आली. तीन वर्षांनी त्यांतली सहा टिकली. त्या सहा जणांची सुधारणा सेकंदांत अशी : ४१, ३७, ६४, २९, २५ आणि ३२. बेरीज २२८, भागिले सहा, सरासरी अडतीस. सरांनी कागदावर लिहिलेला आकडा हाच. सगळ्या तुकड्यांमध्ये कमीअधिक फरकाने तोच येतो, असं धरू.

उरलेले सहा कुठे गेले? त्यांची शेवटची नोंद सहा महिन्यांच्या ट्रायलची आहे. तोपर्यंत त्यांच्यात अनुक्रमे ६, ४, १२, १२ आणि १६ सेकंदांची सुधारणा झाली होती, आणि एक जण दोन सेकंदांनी मागे गेला होता. सरासरी आठ. नंतर नावं खोडली गेली. हिशेब करताना सरांनी खोडलेली नावं धरली नाहीत. त्यांत लबाडी नव्हती. ज्यांची शेवटची वेळच नाही त्यांचं काय मांडणार, असं त्यांना वाटलं.

पण ही नावं गळली की दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे तुकडीची सरासरी वेळ कुणीही न पळता सुधारते. बाराही जणांची पहिल्या ट्रायलची सरासरी ५ मिनिटं २४ सेकंद होती. टिकलेल्या सहांचीच पहिली ट्रायल पाहिली तर ती ५ मिनिटं १९ सेकंद. मंद मुलं घरी बसली आणि फळ्यावरचा आकडा पाच सेकंदांनी खाली आला. तुकडीची जूनमधली सरासरी आणि तीन वर्षांनंतरची सरासरी यांची वजाबाकी करणाऱ्याला हे पाच सेकंदही सुधारणाच वाटतात. सरांनी प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच पहिल्या वेळेशी केली, म्हणून या खड्ड्यात ते पडले नाहीत.

दुसरी गोष्ट ओळखायला जास्त अवघड आहे. सहा महिन्यांच्या ट्रायलला बाराही जण हजर होते, तेव्हा सारख्याच काळात कोण किती सुधारलं हे तिथे दिसतं. पुढे टिकलेले सहा तोवर सरासरी चौदा सेकंदांनी सुधारले होते, पुढे सोडून गेलेले आठ सेकंदांनी. म्हणजे सोडून जाण्याआधीच फरक पडला होता. ज्याचं टायमिंग उतरतं तो उद्या पहाटे पाचला पुन्हा येतो. ज्याचं उतरत नाही त्याला आई म्हणते, ‘‘त्यापेक्षा क्लास लाव.’’ तीन वर्षांच्या शेवटी जी सहा मुलं उरतात, ती मुळातच या मेहनतीला शरीर दाद देणारी मुलं असतात. अडतीस सेकंद हे सरांच्या पद्धतीचं फळ आहेच, पण ती पद्धत ज्यांना मानवली त्यांच्यापुरतं. मैदानात पाऊल टाकणाऱ्या नव्या मुलाला ‘तुझेही अडतीस सेकंद कमी होतील’ असं या आकड्यावरून सांगता येत नाही.

मग बारा जणांची सरासरी काढावी काय? ती तेवीस येते. पण त्यात तीन वर्षं पळालेले आणि सहा महिने पळालेले एकाच भांड्यात पडतात, म्हणून तीही नीट नाही. सारख्या काळाचा हिशेब फक्त सहा महिन्यांचा आहे : बारा जण, सरासरी अकरा सेकंद. आणि त्यातलाही मोठा वाटा, मघाशी पाहिलं तसा, पहिल्या ३०० मीटरला लगाम घालायला शिकण्याचा.

गळती सगळी मंद मुलांचीच असते असंही नाही. यादीतला सोळा सेकंदांनी सुधारलेला मुलगा पोलीस भरतीत लागला आणि गेला. पुरुष शिपायांच्या भरतीत १६०० मीटरची धाव असते, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मैदानांवर पहाटे पळणाऱ्यांचं खरं लक्ष्य पदक नसून ती धाव असते. असा मुलगा सरांचं सर्वांत मोठं यश असतो, पण सरासरीच्या हिशेबात तो ‘सोडून गेलेला’ ठरतो. गळतीचं कारण वहीत लिहिलेलं नसेल, तर यश आणि अपयश एकाच खोडरेघेखाली दिसेनासे होतात.

वयाचा वाटा

टिकलेल्या सहांमधला ६४ सेकंदांचा आकडा डोळ्यांत भरतो. तो मुलगा तेराव्या वर्षी आला तेव्हा ५ मिनिटं ४० सेकंद पळायचा. सोळाव्या वर्षी ४ मिनिटं ३६ सेकंद. या तीन वर्षांत त्याची उंची वाढली, टाच मोठी पडू लागली, हृदय मोठं झालं, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढलं. मुलगे वयात येतात तेव्हा हे आपोआप होतं. फक्त गल्लीत क्रिकेट खेळणारा मुलगाही सोळाव्या वर्षी तेराव्या वर्षापेक्षा पंधराशे मीटर वेगात पळतो. हा एक मुलगा वगळला तर उरलेल्या पाचांची सरासरी तेहेतिसाच्या किंचित खाली येते. एकट्याने सगळ्यांचा आकडा पाच सेकंदांनी वर उचलला होता. शिवाय उरलेल्या पाचांतही वयाचा वाटा आहेच, कमी-जास्त.

तो वेगळा काढायचा मार्ग सरांच्या वहीतच आहे. दरवर्षी काही मुलं सोळाव्या वर्षी पहिल्यांदा मैदानावर येतात. त्यांची वाढ झालेली असते, सराव नसतो. सुरुवातीच्या ट्रायल सोडून त्यांची वेळ सरासरी ५ मिनिटं १ सेकंद भरते असं धरू. तीन वर्षं सराव केलेल्या सोळा वर्षांच्या मुलांची वेळ ४ मिनिटं ४१ सेकंद. फरक वीस सेकंदांचा. एकाच वयाच्या दोन गटांतला हा फरक सरावाच्या जवळ जाणारा आकडा आहे. तोही थोडा जास्तच असणार, कारण सराव केलेले म्हणजे टिकलेले. तरी अडतीसपेक्षा वीस खूप जवळचा.

मुलींचं गणित वेगळं असतं आणि ते मुलग्यांच्या सरासरीत मिसळलं की हमखास घोळ होतो. वयात येताना मुलींच्या शरीराची ठेवण बदलते. त्यामुळे चौदा-पंधराच्या सुमारास कित्येक मुलींची प्रगती मंदावते, काहींचं टायमिंग सराव चालू असूनही एखादं वर्ष मागे जातं. त्यात रक्तक्षयाची भर. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षं वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं आणि पंधराशेसारख्या धावेत सगळा खेळ ऑक्सिजनचा. आधी बरी पळणारी मुलगी तिसऱ्या फेरीतच गळून पडू लागली, विश्रांती देऊनही सावरत नसली, तर जाणता प्रशिक्षक सराव वाढवत नाही, आधी रक्त तपासायला पाठवतो.

आता समजा मुलगे सरासरी चाळीस सेकंदांनी सुधारतात आणि मुली वीस सेकंदांनी. पूर्वी दहांत नऊ मुलगे होते, तेव्हा तुकडीची सरासरी अडतीस यायची. सरांनी मेहनतीने मुली आणल्या, निम्म्या-निम्म्या झाल्या, आणि सरासरी तीसवर घसरली. ना मुलगे मंदावले, ना मुली. कागदावर मात्र सरांची अखेरची वर्षं उतरणीची दिसतात. यावर उपाय साधा आहे : दोन आकडे वेगवेगळे सांगायचे.

सगळे सेकंद सारखे नसतात

साडेपाच मिनिटांवरून पाच मिनिटांवर येणं आणि सव्वाचार मिनिटांवरून पावणेचारवर येणं, दोन्हींत तीस सेकंदच. पहिलं एखाद्या वर्षाच्या नियमित सरावाने साधतं. दुसरं बहुतेकांना जन्मभर साधत नाही. जितकं खाली जावं तितका सेकंद महाग होत जातो.

देशाच्या पातळीवर पाहा. बहादूर प्रसाद यांनी १९९५मध्ये ३ मिनिटं ३८.०० सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. तो २०१८मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जिन्सन जॉन्सनने ३ मिनिटं ३७.८६ सेकंदांनी मोडला. तेवीस वर्षांत उणापुरा ०.१४ सेकंद! पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये जॉन्सनने ३ मिनिटं ३५.२४ सेकंद वेळ देऊन तोच विक्रम अडीच सेकंदांहून जास्त खाली आणला. जागतिक विक्रम तर मोरोक्कोच्या हिशाम एल गरूजने १९९८मध्ये रोमला ३ मिनिटं २६.०० सेकंदांचा केला, तो अजून त्याच्याच नावावर आहे.

सरांच्या सहांमध्ये सर्वांत वेगवान मुलगा ४ मिनिटं ५८ सेकंदांवरून ४:२९वर आला. सुधारणा २९ सेकंद, म्हणजे यादीत खालून दुसरा. पण जिल्हा पातळीच्या वरची उडी त्याचीच. सरासरीत त्याच्या एकोणतीस सेकंदांनी आकडा खाली ओढला. केवळ सेकंदांच्या सरासरीवर प्रशिक्षकाचं मोल ठरायला लागलं, तर कुणीही शहाणा प्रशिक्षक तयार धावपटू घेणार नाही. तो साडेपाच-सहा मिनिटं पळणारी तेरा वर्षांची मुलं भरेल आणि निवृत्तीच्या दिवशी पन्नास सेकंद सांगेल.

जाता जाता एक साधी चूक, जी पुष्कळ वह्यांत सापडते. मैदानावर वेळ टिंबाने लिहितात, ५.१० किंवा ४.४५. ती तशीच कॅल्क्युलेटरवर मारली की वजाबाकी येते ०.६५ आणि पासष्ट सेकंदांची सुधारणा झाली असं वाटतं. प्रत्यक्षात ५ मिनिटं १० सेकंदांतून ४ मिनिटं ४५ सेकंद गेले की उरतात पंचवीस. मिनिटाला साठ सेकंद असतात आणि कॅल्क्युलेटर शंभर धरतो. ज्या मुलाने मिनिटाची सीमा एकदा ओलांडली त्याच्या नावावर चाळीस सेकंद असेच चढतात. एखाद्या तुकडीची सरासरी सुधारणा अविश्वसनीय वाटली, तर आधी सगळ्या वेळा सेकंदांत बदलून घ्याव्यात. ४ मिनिटं ४५ सेकंद म्हणजे २८५. आपल्या सरांनी तसंच केलं होतं, म्हणून त्यांचा अडतीस निदान गणिताने तरी बरोबर आहे.

सरांनी काय सांगावं?

अडतीस आकडा टाकून द्यायचा नाही, त्याच्या शेजारी तो कुणाचा आणि कशाचा हे ठेवायचं. सरांचं भाषण मग साधारण असं झालं असतं : ‘‘दर बारा मुलांमागे सहा माझ्याकडे तीन वर्षं टिकली. टिकली त्यांचं टायमिंग सरासरी अडतीस सेकंदांनी उतरलं. त्यात वयाने वाढण्याचा वाटा आहे. त्याच वयाच्या नवख्या मुलांशी ताडून पाहिलं तर सरावाचे वीसेक सेकंद निघतात. मुलींचा आकडा मी वेगळा काढलाय. जी सहा गेली त्यांतली काही भरतीत लागली, बाकीची पहिल्या सहा महिन्यांतच कंटाळली, कारण त्यांचं टायमिंग उतरत नव्हतं.’’

हे वाक्य टाळ्यांसाठी लांब आहे. पण त्यातून दोन कामाच्या गोष्टी हाती लागतात. एक, मुलाला मैदानावर पाठवू पाहणाऱ्या आईबापांना खरी अपेक्षा कळते : टिकला तर वीसेक सेकंद सरावाचे, आणि टिकण्याची शक्यता निम्मी. दुसरी, सरांच्या जागी येणाऱ्याला कळतं की सगळा प्रश्न पहिल्या सहा महिन्यांत आहे. पहिल्या अर्ध्या वर्षात चार-सहा सेकंदच सुधारणारी मुलं सोडून जातात. त्यांच्याकडे वेगळं पाहायला हवं. त्यांच्या ट्रायलच्या फेऱ्या वेगळ्या मोजून वेगाची वाटणी कुठे बिघडते ते बघता येईल. मुलगी असेल तर हिमोग्लोबिन तपासता येईल. काहींना पंधराशेऐवजी आठशे किंवा तीन हजार मीटर मानवेल. अडतीसच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही, कारण ही मुलं त्यात नाहीतच.

त्यासाठी वहीला फार काही लागत नाही. आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, सुरुवातीच्या पाच ट्रायल फेरीवार, प्रत्येक हंगामाच्या शेवटच्या तीन ट्रायल, मैदान कोणतं, आणि मूल सोडून गेलं तर तारीख व कारण. आणि गेलेल्याचं नाव खोडायचं नाही.